शब्द बदलले की झालं

"तुम्ही हे मुलांसाठी लिहिलेलंच नाही. सापडलेल्या मुलाच्या तोंडावर फेकून मारता यावं, म्हणून लिहिलंय. आणि वर सही करून मोकळे झालात!"

खोडरबर मॅडम हे एका कागदाला सुनावत होत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. विद्यापीठाच्या लेखन केंद्राची ही खोली पूर्वी झेरॉक्सची होती. भिंतींना अजून शाईचा वास होता, आणि खिडकी मात्र छताजवळ, कोंबडी बसेल एवढी. मुलं इथे आपले निबंध, अहवाल, प्रबंध घेऊन यायची. मॅडम पेन्सिलीनं खुणा करायच्या, मुलांकडून पुन्हा लिहून घ्यायच्या. म्हणून नाव पडलं खोडरबर. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण मॅडमना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

कागदावर एकच वाक्य होतं. म्हणजे वाक्यं बरीच होती, पण सगळी त्या एकाच वाक्याची पिलावळ. "अन्य व्यक्तीच्या बौद्धिक निर्मितीचे यथोचित श्रेयनिर्देशाविना केलेले कोणत्याही स्वरूपाचे उपयोजन हे वाङ्मयचौर्य समजण्यात येईल व दोषी विद्यार्थी बडतर्फीसह कठोरतम कारवाईस पात्र राहील."

यथोचित म्हणजे किती? उपयोजन म्हणजे काय? कठोरतम हे कळलं, पण त्याच्या अलीकडे काही आहे की नाही? की थेट कडेलोट?

वाङ्मयचौर्य प्रतिबंधक समितीच्या अध्यक्षांनी हे धोरण नव्यानं लिहायचं काम मॅडमच्या गळ्यात घातलं होतं. अध्यक्ष रसायनशास्त्राचे. मोजून बोलणारा माणूस. "भाषा सोपी करा मॅडम," ते म्हणाले होते, "पण धाक कमी होता कामा नये."

"सर, धाक ठेवायचाय की समजवायचंय?"

"दोन्ही. तुम्ही भाषावाले, तुम्हाला जमतं."

जमवलं. मॅडमनी सगळं पुसलं आणि मुलाच्या खुर्चीत बसून लिहायला घेतलं. "दुसऱ्याचे शब्द, विचार, आकडे किंवा चित्र वापरलं आणि ते कुठून घेतलं हे तिथल्या तिथे सांगितलं नाही, तर त्याला वाङ्मयचौर्य म्हणतात. मुद्दाम केलं काय, नकळत झालं काय, काम दुरुस्त करावंच लागेल. पण शिक्षा ठरवताना हा फरक पाहिला जाईल." मग उदाहरणं. पाणी शून्य अंशाला गोठतं, हे सांगायला कुणाचं नाव घ्यायची गरज नाही, ते जगाला माहीत आहे. पण अमक्या तळ्यातलं पाणी यंदा उशिरा गोठलं असं कुणी मोजून लिहिलं असेल, तर त्याचं नाव हवं. स्वतःचाच गेल्या वर्षीचा निबंध न विचारता पुन्हा दिला, तर तेही चालत नाही. मित्राशी चर्चा केली तर चालते, मित्राचा परिच्छेद उचलला तर नाही. जुळणी तपासणाऱ्या संगणकानं मोठा आकडा दाखवला म्हणून चोरी ठरत नाही, कारण अवतरणात दिलेला मजकूरही तो मोजतो. आणि आकडा लहान आला म्हणून कुणी सुटतही नाही.

मग परिणाम, पायरी पायरीनं. पहिल्यांदा आणि नकळत झालं असेल, तर तो भाग पुन्हा लिहायचा, लेखन केंद्रात एकदा बसायचं, कायमच्या नोंदीत काही नाही. दुसऱ्यांदा झालं तर त्या कामाला शून्य गुण. दुसऱ्याकडून लिहून घेतलं, विकत आणलं, तर सुनावणी, आणि तिथे नाव कमी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. सुनावणीआधी पुरावा पाहायला मिळेल. सोबत कुणालाही आणता येईल. निकाल पटला नाही तर अपील. आणि ज्याचा त्या प्रकरणाशी संबंध आहे, तो निकाल द्यायला बसणार नाही.

सगळ्यात जपून लिहिलेलं उदाहरण होतं झाडाचं. एका पुस्तकात आहे: "उजेड कमी झाला की झाडाची वाढ मंदावते आणि पानं फिकी पडतात." विद्यार्थी लिहितो: "प्रकाश घटला की वनस्पतीची वाढ हळू होते व पर्णे निस्तेज होतात." पुस्तकाचं नाव शेवटच्या यादीत आहे, वाक्यापाशी काहीच नाही. मॅडमनी खाली लिहिलं: "कपडे बदलले, हाडं तीच. असं करू नका. पुस्तक मिटा, काय कळलं ते स्वतःच्या शब्दांत सांगा, आणि तिथेच नाव द्या."

असलं लिखाण छापण्याआधी ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याकडून वाचून घ्यायचं असतं. मॅडमची ती पद्धतच होती. वेगवेगळ्या विभागांतली मुलं बोलावली. दार लावलं. म्हणाल्या, "इथे तुमची परीक्षा नाही, कागदाची आहे. जिथे अडाल तिथे मोठ्यानं अडा. इथलं बोलणं इथेच राहील."

मुलं मोकळी झाली. एक जण जुनं धोरण वाचून म्हणाला, "मॅडम, हे वाचून असं वाटतं की मी जन्मालाच चोर म्हणून आलोय." खोली हसली. मग नवीन कागद फिरला. झाडाच्या उदाहरणापाशी भूगोलाची मुलगी थांबली. तिसऱ्या वर्षाची, केसांची घट्ट वेणी, बोटांना शाई. तिचं बोट त्या ओळीवर टेकलं ते उठेना.

"काय गं?"

"मॅडम, हे तर मी केलंय."

"काय केलंस?"

"हेच. कपडे बदलले." ती हसत होती, पण हसू कडेनं फाटत चाललं होतं. "नदीपात्राच्या प्रबंधात. एक अख्खं प्रकरण असंच आहे. आम्हाला कुणी हे चुकीचं म्हणालंच नाही. उलट सांगतात, शब्द बदलले की झालं. मला वाटायचं, संशोधन म्हणतात ते हेच."

मग एकानं हळूच हात वर केला. "मीपण." आणि आणखी एकानं. मॅडमना वाटलं, कागद पास झाला. इतक्या वर्षांच्या धाकानं जे कळलं नव्हतं, ते एका झाडानं कळवलं.

त्या आनंदात मॅडमनी ती चूक केली. चूक अशी, की दुसऱ्या कुणाच्या हातून ती झालीच नसती. समितीपुढे मसुदा मांडायचा होता. पडद्यावर पहिलंच पान लावलं ते मुलीच्या वाक्याचं: "आम्हाला कुणी हे चुकीचं म्हणालंच नाही. शब्द बदलले की झालं." आणि जन्मभराच्या सवयीनं, हात शिवशिवल्यासारखे, खाली स्रोत दिला. ज्याचे शब्द त्याचं श्रेय! नाव नाही लिहिलं, तेवढं भान होतं. लिहिलं, "तृतीय वर्ष, भूगोल, नदीपात्रावर प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी, चाचणी वाचन."

भूगोलाचं तिसरं वर्ष म्हणजे मूठभर मुलं. नदीपात्रावर लिहिणारी एकच.

समितीत भूगोलाचे सर होते. पडद्याकडे पाहता पाहता त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ही माझ्याकडची आहे. हिचा प्रबंध मीच पाहिलाय."

"सर, हे फक्त उदाहरण..." मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं.

"उदाहरण कसलं? कबुली आहे ही! माझ्या विभागातून असलं बाहेर जाणार? अध्यक्ष, मी रीतसर तक्रार देतो."

अध्यक्षांनी मोजून मान हलवली. "निदर्शनास आलं की कारवाई करावी लागते. धोरणच आहे तसं. जुनं. नवं अजून मंजूर व्हायचंय ना." आणि मॅडमना म्हणाले, "तुमचा मसुदा आपण पुढच्या वेळी घेऊ."

झाडाच्या पानापर्यंत मॅडम पोचल्याच नाहीत.

मुलगी आली ती दारातच थांबली. हातात सुनावणीची नोटीस. आत ये म्हटलं तरी येईना.

"मॅडम, तुम्ही म्हणाला होतात, इथलं इथेच राहील."

"बाळा, मी नाव नव्हतं..."

"नाव कशाला हवं? 'नदीपात्र' म्हटलं की झालं की." तिचा आवाज चढला नाही. तेच मॅडमना जास्त लागलं. "पदवी रोखतील म्हणतात. जलमापन कार्यालयात निवड झालीय माझी. पदवी नाही दाखवली तर जागा दुसऱ्याला जाते. घरी आईनं शेजारच्या चार घरांत सांगून झालंय. मी पळवाट नाही शोधत. चुकलं ते परत लिहीन, सगळं प्रकरण लिहीन. पण मॅडम, मी सापडले नव्हते. मी सांगितलं होतं."

आणि ती गेली. मॅडम उघड्या दाराकडे बघत राहिल्या. आयुष्यभर मुलांना शिकवलं, की दुसऱ्याचे शब्द त्याच्या नावाशिवाय उचलू नका. त्याला विचारल्याशिवाय उचलू नका, हे कुठे शिकवलं होतं?

घरी ताईला सांगितलं. ताई मोठी, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. दोघी बहिणी एकत्रच राहायच्या, आणि ताईची जीभ म्हणजे नुसती कात्री.

"म्हणजे ठमे, तू पोरीचं दुखणं दुसऱ्यांना औषध म्हणून दिलंस आणि बाटलीवर तिचाच पत्ता लिहिलास."

"ताई, टोचू नकोस. आधीच अन्न गोड लागत नाहीये."

"टोचतेय कुठे? विचारतेय. तिची माफी मागितलीस?"

"ती थांबलीच नाही."

"मग तिच्या मागे जायचं! धोरण लिहीत बसलीस, पाय आखडले का?" ताईनं ताट सरकवलं. "आणि एक सांग. 'शब्द बदलले की झालं' हे त्या पोरीला सांगितलं कुणी? आकाशवाणी झाली का?"

मॅडमचा घास हातातच राहिला. हे त्यांनी विचारलंच नव्हतं. वाक्य एवढं आवडलं होतं, की त्यातला "सांगतात" कोण, हे बघायचंच राहून गेलं. स्रोत शोधायला शिकवणारी बाई, आणि स्रोताचा स्रोत तिनं सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम वसतिगृहाच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. मुलगी बाहेर आली, त्यांना पाहून वळायला लागली.

"थांब. मी चुकले. तुला न विचारता तुझे शब्द नेले. हे मी समितीतही सांगणार आहे. तू म्हणशील तर तुझ्यासोबत येईन, नको म्हणशील तर नाही येणार."

मुलीनं वेणीचं टोक पिरगाळलं. "सोबत आणायला देतात?"

"जुन्या धोरणात नाही असं कुठेच लिहिलेलं नाही. जुन्या धोरणात काहीच लिहिलेलं नाही, हाच त्याचा गुण." मुलगी हसली नाही, पण शेजारच्या पायरीवर बसली. मॅडमनी विचारलं, "ते 'शब्द बदला' कोण सांगायचं?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "ते नको मॅडम. सर चांगले आहेत. मला सर्वेक्षणाला त्यांनीच नेलं होतं. त्यांचं नाव घेऊन मला सुटायचं नाहीये."

मॅडमनी पुढे विचारलं नाही. एकदा तोंड पोळलं होतं.

सुनावणीची खोली म्हणजे लांबट टेबल, पाण्याच्या झाकलेल्या पेल्यांची रांग, आणि भिंतीवर रंग उतरत गेलेल्या जुन्या कुलगुरूंच्या तसबिरी. टेबलामागे अध्यक्ष, त्यांच्या एका बाजूला कायद्याच्या प्राध्यापिका, ज्यांना सगळे वकीलबाई म्हणत, दुसऱ्या बाजूला गणिताचे सर, जे सभेत कायम कागदावर त्रिकोण काढत बसायचे. भूगोलाचे सरही तिथेच, टेबलामागच्याच रांगेत.

मुलगी मॅडमना सोबत घेऊन आली होती; ती समोरच्या खुर्चीत बसली, मॅडम बसल्या नाहीत. "अध्यक्ष, तक्रार सरांची. प्रबंध सरांनी तपासलेला. मग सर त्या बाजूला कसे?"

"कुठे लिहिलंय की बसू नये?" भूगोलाचे सर म्हणाले.

"कुठेच नाही सर. तेच तर."

वकीलबाईंनी भुवया उंचावल्या. "मुद्दा खरा आहे हो. लिहिलं नसलं तरी खरा आहे." भूगोलाच्या सरांनी खुर्ची ओढून टेबलाच्या टोकाला नेली. खुर्चीचा पाय फरशीवर करकरला, जणू तिलाही राग आला होता.

मॅडमनी पहिल्यांदा स्वतःचं सांगितलं. वाचनाच्या वेळी मुलांना शब्द दिला होता, तो मोडला. पडद्यावर आलेलं वाक्य या मुलीकडून परवानगीनं आलेलं नव्हतं, म्हणून ते कबुलीजबाब म्हणून धरू नये. अध्यक्ष म्हणाले, "ते ठीक. पण प्रबंध तर आहेच ना समोर? मूळ पुस्तकाशी ताडून पाहिलाय. वाक्यामागून वाक्य फिरवलेलं. तुम्ही तज्ज्ञ आहात, तुम्हीच सांगा. ही चोरी आहे की नाही?"

"सांगते. आधी तुम्ही सगळे सांगा." मॅडमनी पिशवीतून कागद काढले आणि सगळ्यांपुढे एकेक ठेवला. मुलांनी वाचलं होतं तेच पान, फक्त खालचे खुलासे कापून टाकलेले. "हे धोरण मुलांना लागू करण्याआधी, आपण सगळे त्याचा एकच अर्थ लावतो का, एवढं बघू."

"हा काय पोरखेळ आहे?" अध्यक्ष म्हणाले. पण वकीलबाईंनी पेन काढलं होतं आणि गणिताच्या सरांनी त्रिकोण सोडून कागद जवळ ओढला होता. भूगोलाच्या सरांनीही ओढला. कागद समोर आला की तपासायचा, ही सवय.

"झाडाचं उदाहरण," मॅडम म्हणाल्या. "जुन्या धोरणानुसार ही चोरी आहे का?"

अध्यक्ष लगेच म्हणाले, "अर्थात. बडतर्फीला पात्र."

"बडतर्फी?" वकीलबाई दचकल्या. "पुस्तक यादीत दिलंय की! फसवायचा हेतू कुठे दिसतो? हा निष्काळजीपणा. फार तर दुरुस्ती."

गणिताचे सर डोकं खाजवत म्हणाले, "मला तर कळतच नाही. आमच्याकडे सिद्धता सगळे तशीच लिहितात. मग आम्ही सगळेच चोर काय?"

"छे! ही चोरी नाहीच," टेबलाच्या टोकावरून आवाज आला. भूगोलाचे सर चष्मा कपाळावर चढवून, शिकवायच्या सुरात बोलत होते. "पुस्तकाचं नाव शेवटी आहे. शब्द मुलाचे स्वतःचे आहेत. आणखी काय हवं? मी पहिल्या वर्षापासून हेच सांगतो मुलांना, वाक्य जसंच्या तसं घेऊ नका, शब्द बदलले की..."

आणि ते थांबले.

गणिताच्या सरांच्या हातातलं पेन गडगडत टेबलाखाली गेलं, ते घ्यायला कुणी वाकलं नाही. वकीलबाईंचा हात तोंडावर गेला होता. अध्यक्ष एकदा कागदाकडे, एकदा टेबलाच्या टोकाकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मोजायला काही सापडत नव्हतं. भूगोलाच्या सरांचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला होता. तो माणूस लबाड नव्हता. त्याला हे आत्ता, या क्षणी कळत होतं, आणि कळताना तो सगळ्यांसमोर उघडा पडला होता.

मॅडमनाही धक्का बसला होता. त्यांना वाटलं होतं, चौघं चार उत्तरं देतील, बस. हे आपण ठरवून केलं असतं, तर आपण फार वाईट बाई ठरलो असतो, असं त्यांच्या मनात आलं.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "आपण... आपण ही सुनावणी पुढे ढकलू. नवा मसुदा मंजूर झाला की मग..."

"नको सर." मुलगी उठून उभी राहिली होती. "पुढे ढकललं की माझी जागा जाते. आणि नवीन कागदाची वाट मी कशाला बघू? मला तो समजलाय. प्रकरण मी परत लिहायला घेतलंय, पुस्तक मिटून. आज इथे उत्तर मी नाही, तुम्ही द्यायचंय."

ती टेबलाच्या टोकाकडे वळली.

"सर, सर्वेक्षणाला तुम्ही मला दोर धरायला शिकवलंत, पाण्याची खोली मोजायला शिकवलंत. तुम्ही सांगितलं ते मी सगळं तसंच केलं. हेही तसंच केलं. मी तुमचं नाव घेणार नव्हते, तुम्हीच आत्ता घेतलंत." ती अध्यक्षांकडे वळली. "आणि अध्यक्ष सर, तुम्ही चौघं एका ओळीवर चार जागी उभे आहात, आणि त्या ओळीवर माझी पदवी टांगलीय. म्हणून विचारते. मी कुठल्या ओळीत चुकले, हे मला आधी कुणी, कुठे सांगितलं होतं? ती ओळ दाखवा. नसेल, तर नाही असं तोंडानं सांगा. माना डोलावू नका सर. मला आज उत्तर हवंय."